दोन दिवसांत वाढलेले २.३ किलो नेमके कशाचे?

प्रश्न: मी ४१ वर्षांचा आहे, बैठं काम, आठवड्यातून चार दिवस जिम. नऊ दिवस पोळी, भात, साखर पूर्ण बंद ठेवली आणि वजन ७८.४ वरून ७५.३ वर आलं. मग चुलतभावाच्या लग्नाला दोन दिवस कोल्हापूरला गेलो. हळदीला मटण आणि रस्सा, लग्नात पंगत, सगळं मनसोक्त झालं. सोमवारी सकाळी काट्यावर ७७.६! जिममधला ट्रेनर म्हणतो, सगळी चरबी परत आली. घरचा काटा तर मसल आधी कमी झालेलं आणि आता वाढलेलं दाखवतोय. दोन दिवसांत एवढी चरबी खरंच चढते का? माझे नऊ दिवस वाया गेले का?

उत्तर:

नाही, एवढी चरबी चढलेली नाही, आणि नऊ दिवस वायाही गेलेले नाहीत. पण त्या नऊ दिवसांत तीन किलो चरबी उतरली होती असं तुम्ही धरून चाललात, तेही खरं नव्हतं. उतरलेले तीन किलो आणि चढलेले सव्वादोन किलो या दोन्हींमध्ये बराचसा भाग एकाच गोष्टीचा आहे, ती म्हणजे पाणी.

आधी चरबीचा हिशेब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. २.३ किलो चरबी चढायची तर खर्च भागून वर जवळपास १७,७०० कॅलरी शिल्लक राहायला हव्यात. तुमच्या वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या माणसाचा दिवसाचा खर्च साधारण २३०० धरला, तर त्या दोन दिवसांत रोज ११,००० च्या वर कॅलरी पोटात जायला हव्या होत्या. हळदीची रात्र आणि लग्नाची पंगत दोन्ही मिळून, आग्रहाची जिलेबी धरूनसुद्धा, माणूस दिवसाला साडेतीन-चार हजारांपलीकडे सहसा जात नाही. ट्रेनरचं म्हणणं इथेच निकालात निघतं.

मग हे वजन आलं कुठून? त्यासाठी ग्लायकोजेन समजून घ्यावं लागेल.

आपण खाल्लेल्या भात-पोळीची शेवटी साखर होते. लगेच लागते तेवढी वापरली जाते आणि उरलेल्यातली काही यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवली जाते. यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम मावतं. यकृतातला साठा रात्रभर रक्तातली साखर टिकवायला वापरला जातो. स्नायूंतला साठा त्या त्या स्नायूच्याच कामी येतो. हे ग्लायकोजेन कोरडं साठत नाही. भिजवलेला साबुदाणा जसा पाणी धरून ठेवतो तसं एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. स्वीडनमध्ये ओल्सन आणि साल्टिन यांनी १९७० साली यावरची मोजमापं प्रसिद्ध केली. व्यायामाने आणि आहाराने रिकामे केलेले साठे भरपूर पिष्टमय आहार देऊन पुन्हा भरले, तेव्हा माणसांची वजनं दोन किलोंच्या वर वाढली, आणि त्या वाढीत बहुतांश पाणीच होतं.

पोळी-भात बंद केल्यावर यकृतातला साठा एक-दोन दिवसांतच बराचसा संपतो. स्नायूंतला हळूहळू उतरतो, आणि जिम चालू असेल तर लवकर उतरतो. ग्लायकोजेन वापरलं गेलं की त्याने धरलेलं पाणी मोकळं होतं आणि लघवीवाटे निघून जातं. पोळी-भात सोडलेल्या माणसाला पहिल्या तीन-चार दिवसांत वारंवार लघवीला जावं लागतं, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण मिठाचं आहे. इन्सुलिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना सोडियम धरून ठेवायला लावतं. पिष्टमय पदार्थ बंद झाले की इन्सुलिनची पातळी खाली येते, मूत्रपिंडं सोडियम सोडायला लागतात, आणि सोडियमबरोबर आणखी पाणी जातं. त्या दिवसांत काहींना उठताना चक्कर येते, डोकं दुखतं, थकवा वाटतो. बऱ्याचदा तो हाच पाण्या-मिठाचा तोटा असतो, पण लोक त्याला ‘शरीरातली घाण निघतेय’ असं म्हणतात.

आता मिठाचं गणित पाहा. दवाखान्यात शिरेतून देतात त्या साध्या सलाईनमध्ये एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या रक्ताला आणि पेशींबाहेरच्या पाण्याला साधारण तेवढाच खारटपणा चालतो. शरीर हा खारटपणा फारसा हलू देत नाही. मीठ जास्त झालं की तहान लागते, आपण पाणी पितो, मूत्रपिंडंही पाणी राखून ठेवतात, आणि प्रमाण पुन्हा जुळतं. मीठ थोडं जास्त, पाणीही थोडं जास्त, अशी ती नवी स्थिती असते. म्हणून शरीरात ९ ग्रॅम मीठ जादा राहिलं तर सुमारे एक लिटर पाणी जादा राहतं आणि काट्यावर किलोभर वजन दिसतं. त्या एक किलोत मिठाचं स्वतःचं वजन नऊच ग्रॅम असतं. जादा मीठ मूत्रपिंडं बाहेर टाकतातच, पण लगेच नाही. मिठाचं प्रमाण एकदम बदललं तर नवा ताळमेळ बसायला तीन ते पाच दिवस जातात. त्या मधल्या दिवसांत काटा वर राहतो.

आता तुमच्या ७८.४, ७५.३ आणि ७७.६ या आकड्यांचा ताळेबंद मांडतो. प्रत्येक घटक प्रयोगशाळेत मोजलेला नाही. तुमच्या वजनाला आणि तुम्ही सांगितलेल्या खाण्याला जुळणारे हे अंदाज आहेत. दहा-वीस टक्के इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही.

नऊ दिवसांत ३.१ किलो गेले. पोळी, भात, साखर बंद आणि बाकी नेहमीचं, म्हणजे रोज सुमारे ८५० कॅलरींची तूट धरू. नऊ दिवसांची तूट झाली ७६५०. इथे एक गोष्ट लोक विसरतात. ही सगळी तूट चरबीतून भागत नाही, कारण ग्लायकोजेनही इंधनच आहे. ३५० ग्रॅम ग्लायकोजेन वापरलं गेलं तर त्यातून १४०० कॅलरी मिळाल्या. उरलेल्या ६२५० चरबीतून आल्या, म्हणजे साधारण ८०० ग्रॅम चरबी. ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी मिळून १.४ किलो. सोडियमबरोबर गेलेलं पाणी अर्धा किलो. उरलेले ४०० ग्रॅम आतड्यातले. खाण्याचा एकूण ऐवज कमी झाला की पोटात कोणत्याही वेळी जो माल असतो तोही कमी होतो. म्हणजे ३.१ किलोंपैकी खरी चरबी फक्त ८०० ग्रॅम. हे कमी नाही, नऊ दिवसांच्या मानाने उत्तमच आहे. पण काट्यावर त्याच्या जवळपास चौपट दिसलं.

आता कोल्हापूरचे दोन दिवस. मसालेभात, पुऱ्या, जिलेबी आणि मटणाबरोबरचा भात यांतून दिवसाला ४०० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ गेले असतील. तुमचे साठे रिकामे होते, त्यामुळे स्नायूंनी ते आनंदाने उचलले. ३०० ग्रॅम ग्लायकोजेन परत भरलं धरा, त्याबरोबर ९०० ग्रॅम पाणी, मिळून १.२ किलो. मीठ तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात होतं, लोणच्या-पापडात होतं, मठ्ठ्यातही होतं. घरी होतं त्याच्या दुपटीने मीठ सहज गेलं असेल. त्यात इन्सुलिनची पातळी पुन्हा वर आल्यामुळे मूत्रपिंडंही सोडियम राखायला लागली. पाच-साडेपाच ग्रॅम मीठ शरीरात राहिलं की ६०० ग्रॅम पाणी राहतं. आतड्यातला माल ३५० ग्रॅम. राहिले दीडशे ग्रॅम, आणि ही चरबी. दोन दिवसांत मिळून खर्चापेक्षा अडीच हजार कॅलरी जास्त झाल्या असं धरलं, तर त्यातल्या १२०० ग्लायकोजेन भरण्यातच खर्ची पडल्या आणि उरलेल्या चरबीत गेल्या. सव्वादोन किलोंपैकी चरबी एवढीच.

आता हे सगळं एकत्र पाहा. ७५.३ हा आकडा रिकाम्या साठ्यांचा होता. ७८.४ आणि ७७.६ हे दोन्ही जवळजवळ भरलेल्या साठ्यांचे आहेत. तुलना करायचीच तर या दोघांची करा, कारण दोन्ही वेळी शरीरातल्या पाण्याची स्थिती जवळपास सारखी आहे. फरक येतो ८०० ग्रॅमचा. त्यात ग्लायकोजेनचा थोडा अजून न भरलेला भाग आहे, आणि निव्वळ चरबी साधारण ६५० ग्रॅम. लग्न धरून अकरा दिवसांचं हे तुमचं खरं काम आहे, आणि ते काट्यावर आत्ताही टिकून आहे. ७५.३ ला हातातून निसटलेलं यश समजू नका. तो आकडा पोळीचा पहिला घास खाल्ला की जाणारच होता, लग्न असो वा नसो.

माझ्याकडे येणाऱ्यांत हेच चक्र सगळ्यात जास्त नुकसान करतं. पोळी-भात सोडतात, पहिल्या आठवड्यात अडीच-तीन किलो उतरलेले पाहतात. पुढच्या आठवड्यात पाणी जायचं थांबतं आणि काटा फक्त चरबीचा वेग दाखवतो, म्हणजे अर्धा-पाऊण किलो. त्यांना वाटतं, गाडी अडली. मग एक दिवस पोळी खातात, दुसऱ्या दिवशी किलोभर वजन चढतं, आणि ‘मला पोळी सोसतच नाही’ असा ग्रह होतो. पोळीने त्यांचा रिकामा साठा भरला, एवढंच घडलेलं असतं. तुम्ही पुढे कधीही नेहमीच्या जेवणावर याल तेव्हा एक ते दीड किलो वाढणारच, हे आत्ताच गृहीत धरा. ही वाढ एकदा होते आणि थांबते. साठा भरला की पाणी धरायला जागा उरत नाही. चरबी मात्र अशी थांबत नाही. जास्त खाणं चालू राहिलं तर ती आठवड्यागणिक चढत राहते, आणि दोघींतला फरक ओळखायची हीच खूण आहे.

घरच्या काट्यावरच्या मसलच्या आकड्याचा उलगडाही इथेच होतो. तो काटा पायातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतो. पाणी आणि क्षार प्रवाह सहज जाऊ देतात, चरबी अडवते. त्या अडथळ्यावरून काटा शरीरात पाणी किती असेल याचा अंदाज करतो आणि त्यावरून स्नायू आणि चरबी ठरवतो. ग्लायकोजेनचं पाणी स्नायूंतच असतं. ते गेलं की काट्याला स्नायू कमी झालेले वाटतात, परत आलं की वाढलेले. नऊ दिवसांत तुमचे स्नायू झडले नाहीत आणि कोल्हापूरला ते वाढलेही नाहीत. असल्या काट्याचा चरबी-मसलचा आकडा रोज पाहू नका. महिन्यातून एकदा, सारख्याच परिस्थितीत पाहिला तर त्याला थोडाफार अर्थ असतो.

वजन मोजायची पद्धत एवढीच ठेवा. सकाळी उठल्यावर शौचाला जाऊन आल्यानंतर, चहा-पाण्याच्या आधी, सारख्याच कपड्यांत, काटा टणक फरशीवर ठेवून. सतरंजीवर किंवा मॅटवर ठेवलेला काटा वेगळंच काही दाखवतो. रोज मोजा, पण रोजच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहा. ज्यांना रोजचा आकडा पाहून दिवस खराब जातो त्यांनी आठवड्यातून दोनच वेळा मोजावं, पण लग्न-सणाच्या दुसऱ्या दिवशी नको. कमरेची पट्टी पंधरा दिवसांनी, बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून. वजन किलोने वाढलं आणि कंबर तेवढीच राहिली तर ते बहुधा पाणी आहे. अंगठी घट्ट होणं, संध्याकाळी मोज्यांचे वळ नेहमीपेक्षा खोल उठणं, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसणं, या मिठाच्या पाण्याच्या खुणा. ग्लायकोजेनचं पाणी असं दिसत नाही, कारण ते स्नायूंच्या आत असतं. उलट त्याने व्यायामाला जोर येतो. लग्नानंतरच्या आठवड्यात जिममध्ये वजनं हलकी वाटली तर नवल मानू नका.

बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधीच्या दिवसांत अर्धा ते एक किलो पाणी वाढणं नेहमीचं आहे. त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. नवा, जड व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंत पाणी येतं आणि काही दिवस काटा चढा राहतो. क्रिएटिन सुरू केलं तरी किलोभर वाढतं. तुम्ही ते घेत असाल तर हिशेबात धरा.

पाणी-खाण्याने एका दिवसात किती फरक पडतो याचं सगळ्यांना आठवत असलेलं उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचं आहे. विनेश फोगट ५० किलो गटात पहिल्या दिवशी सकाळी वजनात बसल्या. दिवसभर तीन कुस्त्या आणि त्यासाठी लागणारं खाणं-पाणी झाल्यावर संध्याकाळी त्यांचं वजन मर्यादेच्या वर २.७ किलो भरल्याचं पथकाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं. रात्रभर खटपट करून बहुतेक सगळं उतरवलं, पण सकाळी १०० ग्रॅम उरले आणि त्या अपात्र ठरल्या. वजन तोडणारे सगळे पैलवान हेच पाण्याचं अंतर वर-खाली करत असतात. त्यांनाही ते देखरेखीखाली करावं लागतं आणि त्यात धोका असतो. घरी बसून मीठ-पाणी तोडून किंवा लघवीची गोळी घेऊन आकडा खाली आणण्यात काहीच मिळत नाही. पाणी पिताच आकडा परत येतो, आणि मधल्या वेळात रक्तातलं पोटॅशियम ढळलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

पाण्याने वाढलेलं वजन दुर्लक्षू नये अशी स्थितीही आहे. ज्यांना हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार आहे त्यांच्यात एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोंच्या वर वाढ झाली तर तो शरीरात पाणी साठल्याचा इशारा असू शकतो. नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून ठेवा. उचलल्यावर खड्डा तसाच राहिला, आडवं झोपल्यावर दम लागला किंवा रात्री उशी वाढवावी लागली, तर जेवणाचा हिशेब करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हे आजार नसलेल्या माणसालाही या खुणा दिसल्या तर तेच करा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या, किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोळी-भात एकदम बंद करू नये. औषध तेवढंच राहतं, साखर आणि पाणी दोन्ही कमी होतात, आणि साखर किंवा रक्तदाब धोक्याइतका खाली जातो. तुम्ही गोळ्यांचा उल्लेख केलेला नाही, तरी सांगून ठेवतो.

तुमच्यासाठी या आठवड्यापुरतं सांगतो. भरपाई म्हणून उपास करू नका आणि पोळी-भात पुन्हा शून्यावर नेऊ नका. तसं केलंत तर चार दिवसांत ७५ च्या घरातला आकडा दिसेल, पण तो तोच जुना पाण्याचा आकडा असेल. दोन्ही जेवणांत दोन-दोन पोळ्या किंवा त्याऐवजी एक वाटी भात ठेवा, बरोबर डाळ-उसळ आणि भाजी. लोणचं, पापड, फरसाण आठवडाभर बाजूला ठेवा. पाकिटातलं काही घेणार असाल तर मागे सोडियम किती लिहिलंय ते पाहा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, आणि दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत राहावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाणी तहानेप्रमाणे प्या. लग्नाच्या मिठाचं पाणी गुरुवार-शुक्रवारपर्यंत उतरलेलं असेल, आणि माझ्या अंदाजाने काटा ७७ च्या आसपास स्थिरावेल. तिथून पुढच्या तीन आठवड्यांची सरासरी लिहून ठेवा. आठवड्याला तीनशे ते सहाशे ग्रॅमनी ती उतरत असेल तर ती चरबी आहे. तीन आठवड्यांत हललीच नाही तर आठवडाभर खाल्लेलं सगळं वजन करून लिहून काढा आणि ती यादी पाठवा, मग जेवणात काय बदलायचं ते आपण पाहू.